रात्री बारानंतर फेल होणारी टेस्ट

हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत कुणी राजीनामा दिला की त्याचे शेवटचे काही आठवडे ‘केटी’त जातात. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. जाणाऱ्याने आपलं काम येणाऱ्याला समजावून द्यायचं आणि एक फाइल लिहून ठेवायची. जाणारी व्यक्ती टेस्टर असेल, तर त्या फाइलमध्ये हमखास एक ओळ सापडते: ‘ही टेस्ट कधी कधी फेल होते. झाली तर पुन्हा चालवा, पास होईल.’

ओळ खोटी नसते. पुन्हा चालवल्यावर टेस्ट खरंच पास होते. तरी अख्ख्या फाइलमधली सगळ्यात महागात पडणारी ओळ हीच, असं माझं मत आहे. ते का, हे कळायला टेस्टर नेमकं काय मागे ठेवून जातो ते आधी बघावं लागेल.

उदाहरणासाठी वीज-पाण्याची बिलं भरण्याचं एक अ‍ॅप घेऊ. डेव्हलपर त्यात रोज काही ना काही बदलत असतात. नवा बदल जुन्या कशाला धक्का लावत नाही ना, हे प्रत्येक वेळी माणसाने हाताने तपासायचं म्हटलं तर दिवस पुरणार नाही. म्हणून टेस्टर छोटे छोटे प्रोग्रॅम लिहितो. ते ग्राहकासारखं लॉगिन करतात, बिल उघडतात, पैसे भरतात आणि पावती बरोबर आली का ते बघतात. असा एक प्रोग्रॅम म्हणजे एक टेस्ट, आणि अशा टेस्टचा गठ्ठा म्हणजे स्वीट. स्मोक स्वीट छोटा असतो, दहाएक मिनिटांचा; प्रत्येक बदलानंतर तो चालतो आणि लॉगिन, बिल दिसणं, पैसे जाणं एवढंच बघतो. रिग्रेशन स्वीट मोठा, शेकडो टेस्टचा. तो रात्री चालतो आणि सकाळी सगळ्यांच्या मेलमध्ये हिरवा किंवा लाल निकाल पडलेला असतो.

स्वीट कुठले, कधी आणि कुठल्या मशीनवर चालतात, किती वेळ घेतात, ही माहिती बहुतेक फायलींत असते. नसली तरी नवा माणूस जेनकिन्समध्ये डोकावून ती काढू शकतो. जे कुठेच नोंदलेलं नसतं ते वेगळं. उदाहरणार्थ, दहा मिनिटांच्या स्मोक स्वीटला एखाद्या दिवशी पंचवीस मिनिटं लागली तर टेस्ट उघडून बघत बसू नकोस, आधी मशीनची डिस्क बघ. फेल झालेल्या प्रत्येक टेस्टचा स्क्रीनशॉट तिथे साठतो आणि दर काही आठवड्यांनी जागा संपते. असल्या चार ओळी पाच पानी तक्त्यापेक्षा जास्त कामाच्या.

आता मूळ मुद्दा. कोडमध्ये काहीच बदल नसताना जी टेस्ट एकदा पास आणि एकदा फेल होते, तिला या धंद्यात ‘फ्लेकी’ म्हणतात. अशा टेस्ट काही ढिसाळ कंपन्यांतच असतात असं नाही. गूगलच्या जॉन मिको यांनी २०१६ मध्ये त्यांच्याकडची आकडेवारी मांडली होती. तिथल्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये कमीजास्त फ्लेकीपणा होता. त्याहून बोलका आकडा पुढचा: आधी पास होणारी टेस्ट फेल व्हायला लागल्याच्या घटनांपैकी ८४ टक्के घटनांत फ्लेकी टेस्टचा हात होता. म्हणजे लाल दिवा लागला की बहुतेक वेळा कोड बिघडलेलं नसतंच.

एकेक टेस्ट क्वचितच फेल होत असली तरी सगळ्यांचं मिळून काय होतं, ते साध्या गुणाकाराने कळतं. स्वीटमध्ये २०० टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट २०० वेळांत एकदा विनाकारण फेल होते असं धरा. एका टेस्टसाठी हे प्रमाण नगण्य वाटतं. पण एका रात्री २०० पैकी किमान एक तरी फेल होण्याची शक्यता निघते ६३ टक्के. तीनपैकी जवळजवळ दोन सकाळी मेल लाल. मग लोक तो मेल उघडायचं सोडतात. सोसायटीतल्या एखाद्या गाडीचा अलार्म रोज रात्री वाजायला लागला की खिडकीतूनही कुणी डोकावत नाही, तसंच.

त्यावरचा सोपा उपाय म्हणजे फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवायची, आणि तीनपैकी एकदा जरी पास झाली तरी पास धरायची. ही सेटिंग जवळजवळ प्रत्येक टीममध्ये असते. तिची किंमत मात्र कुणी मोजत नाही. समजा अ‍ॅपमध्ये खराखुरा दोष आहे, आणि तो तीनपैकी एका ग्राहकाला भोवतो. टेस्ट लाल दिसायला आता तो दोष सलग तीन वेळा पकडला जायला हवा. एक तृतीयांश गुणिले एक तृतीयांश गुणिले एक तृतीयांश, म्हणजे २७ वेळांत एकदा. दर तिसऱ्या ग्राहकाला छळणारा दोष महिन्याभरात फार तर एखाद्या सकाळी दिसतो, आणि त्या सकाळी कुणीतरी म्हणतं, ‘ती टेस्ट तशीच आहे, पुन्हा चालव.’

माझ्या मते सगळ्यांत जास्त शिकवणारा प्रकार घड्याळाचा. आपल्या अ‍ॅपमध्ये, आज शेवटची तारीख असलेलं बिल उघडलं की वर ‘आज शेवटचा दिवस’ असं दिसायला हवं. त्याची टेस्ट अशी:

```python
def test_due_today():
    bill = create_bill(due=date.today())
    assert bill_page(bill).label == "आज शेवटचा दिवस"
```

आजची तारीख घे, त्या तारखेचं बिल तयार कर, पान उघड, वर काय लिहिलंय ते बघ. यात चुकण्यासारखं काही वाटत नाही. पण ही टेस्ट महिन्यातून दोन-तीनदा फेल होते, तीही बहुतेक वेळा रिलीजच्या आदल्या रात्री. साहजिकच टीमचं मत बनतं की रिलीजच्या वेळी सर्व्हरवर ताण येतो म्हणून असं होत असेल. सकाळी दहाला पुन्हा चालवली की पास. कुणी मन लावून दिवसा सलग पन्नास वेळा चालवून बघितली, तर पन्नासही वेळा पास. मग तिच्यापुढे ‘फ्लेकी, दुर्लक्ष करा’ असा शेरा पडतो.

कारण सापडतं ते फेल झाल्याची वेळ नोंदवायला लागल्यावर. प्रत्येक वेळ रात्री १२ ते पहाटे ५.३० च्या आतली निघते. एरवी रिग्रेशन स्वीट रात्री दहाला सुरू होऊन साडेअकरापर्यंत संपतो. रिलीजच्या आदल्या रात्री मात्र मशीनपुढे रांग लागते, स्वीट उशिरा सुरू होतो आणि ही टेस्ट चालेपर्यंत मध्यरात्र उलटून गेलेली असते. ताणाचा संबंध इतकाच.

टेस्ट चालवणारं मशीन पुण्यात आहे आणि त्याचं घड्याळ भारतीय वेळेचं. अ‍ॅपचा सर्व्हर जगातल्या बहुतेक सर्व्हरप्रमाणे जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतो, आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. पुण्यात १५ मार्चची रात्र, १२ वाजून ४० मिनिटं झालेली असताना सर्व्हरच्या लेखी १४ मार्चची संध्याकाळ असते, सात वाजून दहा मिनिटं. टेस्ट म्हणते आज १५ तारीख, १५ तारखेचं बिल बनवलं. सर्व्हर म्हणतो आज १४, त्यामुळे पानावर येतं ‘१ दिवस बाकी’. टेस्ट फेल. साडेपाचला सर्व्हरचीही तारीख बदलते आणि वाद मिटतो.

टेस्ट इथे खरंच बोलत होती. अपेक्षा भारतातल्या ग्राहकाची, आणि रात्री साडेबाराला अ‍ॅप उघडणाऱ्या ग्राहकाला तारीख चुकीचीच दिसत होती. शेवटची तारीख १४ असलेलं बिल १५ च्या पहाटे भरलं तर विलंब आकार लागत नाही. तक्रार कोण करणार? पण १ एप्रिलच्या पहाटे दोनला भरलेल्या पैशांवर ३१ मार्चची तारीख पडते, म्हणजे ते आदल्या आर्थिक वर्षात जमा होतात. ते मात्र हिशेब खात्याला चांगलंच जाणवतं, आणि तोवर ती टेस्ट लिहिणारी व्यक्ती दुसऱ्या कंपनीत रुजू झालेली असते.

येणाऱ्या माणसासाठी इथे एक सापळा आहे. नवा टेस्टर हुशार असेल तर आठवड्याभरात वेळेचा घोळ त्याच्या लक्षात येईल. मग तो दोनपैकी एक दुरुस्ती करेल:

```python
# टेस्टमध्ये: तारीख यूटीसीप्रमाणे घेणे
today = datetime.now(timezone.utc).date()

# सर्व्हरमध्ये: तारीख भारतीय वेळेप्रमाणे घेणे
today = datetime.now(ZoneInfo("Asia/Kolkata")).date()
```

दोन्हींनी टेस्ट कायमची हिरवी होते. पहिलीने दोष गाडला जातो, कारण आता टेस्टही सर्व्हरइतकीच चूक करायला लागते. दुसरीने दोष जातो. पहिली त्याच्या स्वतःच्या हातात आहे, पाच मिनिटांचं काम. दुसरीसाठी डेव्हलपरला पटवावं लागतं, मॅनेजरकडून वेळ मिळवावा लागतो. शुक्रवारी संध्याकाळी माणूस कुठली निवडेल, हे सांगायला नको.

म्हणून फाइलमध्ये ‘कधी कधी फेल होते’ याच्या जागी काय हवं, ते एका नोंदीतून दाखवतो:

‘test_due_today. आज शेवटची तारीख असलेल्या बिलावर काय लिहून येतं ते तपासते. फक्त रात्री १२ ते ५.३० मध्ये फेल होते, आणि तेव्हा पानावर “१ दिवस बाकी” दिसतं. स्क्रीनशॉटमध्ये दुसरं काही दिसलं किंवा दिवसा फेल झाली, तर कारण हे नाही. नवा दोष समजून शोध. चूक सर्व्हरची आहे, तिकीट उघडं आहे, पेमेंट टीमकडे पडून आहे. टेस्ट बदलू नकोस. तिकीट बंद झालं असं कुणी म्हणालं की एकदा मध्यरात्रीनंतर मुद्दाम चालव. दिवसा पास झाली याला काही अर्थ नाही.’

सगळं मिळून सात-आठ वाक्यं. त्यातलं ‘दुसरं काही दिसलं तर’ हे वाक्य सगळ्यात मोलाचं. फ्लेकी टेस्टचा ओळखीचा बिघाड कसा दिसतो हे नोंदवलं नाही, तर तिच्या आडून येणारा अनोळखी बिघाड ओळखायला काही साधनच उरत नाही. प्रत्येक फ्लेकी टेस्टसाठी एवढी नोंद लिहायला वेळ लागतो, हे खरं. तीसेक टेस्ट असतील तर दोन दिवस जातील. नोटीस पीरियडचे दोन दिवस यात गेले तर बिघडलं कुठे? तसेही ते निरोपाच्या चहात जातात.

बाकीच्या कारणांत घड्याळापेक्षा घाईचा नंबर वरचा आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ५१ अपाची प्रकल्पांतल्या फ्लेकी टेस्टच्या दुरुस्त्या तपासल्या. जवळपास ४५ टक्के प्रकरणांत टेस्टने पुरेशी वाट बघितली नव्हती, हे कारण निघालं. पैसे भरल्याचं बटण दाबलं, तीन सेकंद थांबलं आणि पावती शोधली; त्या दिवशी पावतीला चार सेकंद लागले. नवा माणूस तिनाचे दहा करतो. टेस्ट पास होते, स्वीट तेवढा लांबतो आणि पावतीला नऊ सेकंद लागायला लागले तरी कुणाला पत्ता लागत नाही. खरी दुरुस्ती म्हणजे पावती दिसेपर्यंत थांबायचं आणि त्याला एक कमाल मर्यादा घालायची. ती मर्यादा किती आणि का, एवढं फाइलमध्ये आलं की पुरे.

दुसरा नेहमीचा प्रकार क्रमाचा. एक टेस्ट ग्राहकाच्या खात्यात कूपन टाकते आणि ते पुसत नाही. पुढची टेस्ट नकळत त्याच कूपनावर जगते. ठरलेल्या क्रमाने चालल्या तर दोन्ही वर्षानुवर्षं पास. नव्या माणसाने वेळ वाचवायला स्वीट दोन मशीनवर वाटला की दुसरी फेल, आणि बोल त्याच्या बदलाला. हे ओळखायची युक्ती सोपी आहे: ती टेस्ट एकटीच चालवून बघायची. एकटी नेहमी फेल आणि जमावात नेहमी पास, तर तिला कुणाचा तरी आधार आहे.

ज्या टेस्ट लगेच दुरुस्त होणार नाहीत त्या मुख्य स्वीटमधून काढून वेगळ्या ठेवायच्या, याला क्वारंटाइन म्हणतात. मार्टिन फाउलर यांनी २०११ मध्ये हे सविस्तर मांडलं होतं, आणि वेगळ्या ठेवलेल्या टेस्टवर मर्यादा हवी हेही तेव्हाच सांगितलं होतं. आपल्याकडे पहिला भाग लोकप्रिय झाला. जाणाऱ्याने निदान प्रत्येक टेस्टपुढे ती कधीपासून बाहेर आहे ती तारीख आणि तिच्याऐवजी ते काम सध्या कोण हाताने तपासतं ते लिहावं. बऱ्याचदा उत्तर ‘मीच’ असतं. म्हणजे तिच्या शेवटच्या दिवसानंतर ते कुणीच तपासणार नाही.

आणि ‘मीच’ हे उत्तर फक्त तिथेच थांबत नाही. रात्रीचा स्वीट ज्या टोकनने कोड उचलतो ते टोकन जाणाऱ्या टेस्टरच्या नावावर असतं. शुक्रवारी संध्याकाळी एचआर तिचं खातं बंद करतं आणि सोमवारी सगळं लाल. टेस्टमधले ग्राहक तिच्या ऑफिसच्या ईमेलवर नोंदवलेले असतात, त्यामुळे पासवर्ड बदलण्याची टेस्ट ज्या मेलची वाट बघते तो आता कुठेच पोचत नाही. ओटीपीसाठी वापरलेली दोन-तीन प्रीपेड सिम तिच्या ड्रॉवरमधल्या जुन्या फोनमध्ये असतात आणि रिचार्ज तीच करत आलेली असते; ते थांबलं की काही महिन्यांनी नंबर बंद पडतो आणि पुढे दुसऱ्याच कुणाला तरी मिळू शकतो. मग एखाद्या अनोळखी माणसाला रात्री दहानंतर ओटीपीचे मेसेज जायला लागतात. हे सगळं शोधायचा एकच भरवशाचा मार्ग मला माहीत आहे: शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी जाणाऱ्याचं खातं एका रात्रीपुरतं मुद्दाम बंद ठेवायचं आणि सकाळी काय काय मोडलं ते बघायचं. ती बसल्या जागी सांगू शकते तोवर मोडलेलं बरं.

राहता राहिला जोखमीचा भाग. तो बहुतेक फायलींत एखाद्या गुळगुळीत वाक्यात उरकलेला असतो, कारण आपण काय तपासत नव्हतो हे लिहायला कुणालाच आवडत नाही. पण हिरवा मेल बघून रिलीजला होकार देणाऱ्याला तेच कळायला हवं. आपल्या अ‍ॅपमध्ये पैसे भरण्याच्या चाळीस टेस्ट असतील आणि चाळीसही पास होत असतील. त्या सगळ्या पेमेंट गेटवेच्या चाचणी सर्व्हरशी बोलतात, आणि तो सर्व्हर प्रत्येक वेळी क्षणात ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ असं उत्तर देतो. खऱ्या जगात तिसरंही घडतं: बँकेतून पैसे कापले जातात आणि उत्तर येतच नाही. ग्राहक पुन्हा बटण दाबतो. दोनदा पैसे गेले का, दुसरे परत कसे येणार, पावती कुठल्या भरण्याची, यातलं काहीही त्या चाळीस टेस्टपैकी एकीनेही बघितलेलं नसतं. फाइलमध्ये ते तसंच लिहावं: ‘उत्तर न आलेलं पेमेंट: टेस्ट नाही. त्या भागातलं कोड बदललं की हाताने तपासावं लागतं, तासभर लागतो, पायऱ्या खाली दिल्या आहेत.’ जोखीम अशी लिहिली की तिच्यावर काहीतरी करता येतं.

फाइल झाली की आयटीत ‘रिव्हर्स केटी’ नावाचा प्रकार असतो: येणाऱ्याने जाणाऱ्याला उलट समजावून सांगायचं. बऱ्याच ठिकाणी त्यात तीच फाइल वाचून दाखवतात आणि सगळे माना डोलावतात. त्यापेक्षा एका लाल सकाळी नव्या माणसाला कीबोर्डवर बसवावं आणि जाणारीने हात मागे घेऊन बघावं. तो मेल उघडतो, तीन टेस्ट लाल दिसतात. पहिली रात्री पावणेएकला फेल झालेली, स्क्रीनशॉटमध्ये ‘१ दिवस बाकी’. तो नोंद उघडतो, जुळवतो, पुढे जातो. दुसरी एकटी चालवून बघतो. तिसरीचं नाव फाइलमध्ये सापडत नाही आणि तो तिच्याकडे वळून विचारतो, ‘मॅडम, ही पण तशीच का?’ तिने तोंडी उत्तर देऊ नये. ‘लिही,’ म्हणावं, आणि ती नोंद त्याच्याच हाताने फाइलमध्ये जावी.